बाळ पिवळं की बल्ब पिवळा?

संध्याकाळी दिवे लागले की बालरोगतज्ज्ञांच्या फोनवर बाळांचे फोटो यायला लागतात. तीन-चार दिवसांचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेले आणि खाली एक ओळ : ‘डॉक्टर, पिवळं वाटतंय का बघा ना.’ पाठवणारी कधी बाळाची आई असते, कधी मावशी. कधी तो पुण्यात किंवा दुबईत नोकरीला असलेला बाप असतो, ज्याने बाळाला अजून फोनवरच पाहिलेलं आहे. या प्रश्नाचं माझ्याकडे एकच उत्तर असतं आणि ते अनेकांना आवडत नाही. फोटोवरून मला सांगता येत नाही. फोटो स्पष्ट असला तरी नाही, फोन महागाचा असला तरी नाही. पिवळा फोटो पाहून मी बाळ बघायला बोलावतो, आणि गोरागुलाबी फोटो पाहूनही बोलावतो. हा आडमुठेपणा नाही. याचं कारण त्या खोलीतल्या उजेडात आणि फोनच्या कॅमेऱ्यात आहे, आणि ते घराघरात माहीत असायला हवं.

आधी बाळ पिवळं का होतं ते पाहू. पोटात असताना बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. या पेशींचं आयुष्यही मोठ्या माणसांच्या पेशींपेक्षा कमी असतं. जन्मानंतर त्या झपाट्याने फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृताने ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तावाटे आतड्यात सोडायचं आणि शीवाटे बाहेर घालवायचं, असा रस्ता असतो. पण जन्मतः यकृतातलं त्या कामाचं एन्झाइम जेमतेम जागं झालेलं असतं. त्यात दूध कमी गेलं आणि शी कमी झाली, तर आतड्यात पोहोचलेलं बिलिरुबिनही परत रक्तात शोषलं जातं. म्हणून पूर्ण दिवसांच्या दर १० बाळांपैकी साधारण ६ आणि कमी दिवसांच्या दर १० पैकी साधारण ८ बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. थोड्यांमध्ये मात्र बिलिरुबिन इतकं चढतं की ते मेंदूत शिरू शकतं. तिथे झालेली इजा कायमची असते. बहिरेपणा येतो, हातापायांवरचा ताबा जातो. वेळेत पकडलं तर हे टाळणं सोपं आहे. निळ्या उजेडाखाली एक-दोन दिवस ठेवलं की बहुतेक बाळांचं काम भागतं. म्हणजे सगळा प्रश्न वेळेत ओळखण्याचा आहे.

ही वेळ फार अडचणीची आहे. पूर्ण दिवसांच्या बाळात बिलिरुबिन तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर जातं. आपल्याकडे नॉर्मल बाळंतपण झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आई-बाळ घरी जातात. पहिलटकरीण असेल तर माहेरी, कधी दवाखान्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. दवाखान्याच्या डोळ्यांसमोरून बाळ जातं आणि पिवळेपणा वाढायला लागतो, तो बाळंतिणीच्या खोलीत. वारा लागू नये म्हणून तिथे खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि दिवसभर एक दिवा चालू असतो. नवजात बाळाचा रंग पाहण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

दिव्याचा घोळ नीट समजून घेऊ. बिलिरुबिन पिवळं दिसतं कारण ते उजेडातला निळा भाग गिळतं. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा रंग त्याला विशेष लागू पडतो. दिवसाच्या उजेडात लाल, हिरवा, निळा असे सगळे भाग भरपूर असतात. तो उजेड कावीळ झालेल्या त्वचेवर पडला की त्यातला निळा गिळला जातो, लाल आणि हिरवा परत येतो, आणि आपल्याला पिवळं दिसतं. आता तीच त्वचा पिवळ्या बल्बखाली आणा. जुन्या तारेच्या बल्बच्या उजेडात निळा मुळातच फार थोडा असतो. ज्या खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा ३००० के लिहिलेलं असतं, त्या एलईडी दिव्यातही तो कमीच. गिळायला निळा नसेल तर बिलिरुबिन असलेली त्वचा आणि नसलेली त्वचा जवळजवळ सारखीच दिसणार. म्हणजे पिवळा दिवा दोन गोष्टी एकदम करतो. निरोगी बाळावर तो पिवळी झाक चढवतो आणि काविळीच्या बाळाचा खरा पिवळेपणा त्या झाकेत लपवतो. पहिली गोष्ट लोकांना माहीत असते. ‘बल्बमुळे दिसतंय तसं’ असं म्हणून घरातली अनुभवी मंडळी धीर देतात. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते, आणि धोका तिथे आहे.

ट्यूबलाइट किंवा पांढरा एलईडी लावला की प्रश्न सुटतो, असंही नाही. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात काही ठरावीक रंगांचे उंच सुळके असतात, मध्ये खळगे असतात, आणि त्यामुळे कातडी किंचित हिरवट, निस्तेज दिसते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळ्या द्रव्याचा थर देऊन पांढरा भास निर्माण केलेला असतो. ‘कूल डेलाइट’, ६५०० के असं लिहिलेल्या दिव्याचा पांढरा उजेड निळ्याकडे झुकतो आणि त्यात हलका पिवळेपणा फिका पडतो. साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात धरतात, त्यामागचं शास्त्र हेच. बाळाच्या बाबतीत मात्र आपण दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवून मोकळे होतो.

भिंती आणि कपडे यांचाही हात असतो. पिवळ्या किंवा अबोली रंगाच्या भिंतीवरून उडालेला उजेड बाळाच्या गालावर तोच रंग टाकतो. हळद घातलेलं डाळीचं पीठ लावून अंघोळ घातली असेल तर कानामागे, मानेच्या वळीत आणि बोटांच्या बेचक्यांत पिवळं राहतं. ती हळद असते, कावीळ नव्हे. पिवळं दुपटं आणि पिवळं टोपरं, हे आपल्याकडचे लाडके रंग, फोटोची तर पार वाट लावतात. ती कशी, हे पाहण्यासाठी कॅमेऱ्यात शिरायला हवं.

आपला डोळा आणि मेंदू दिव्याचा रंग वजा करतो. बल्बखाली काही मिनिटं बसलं की पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसू लागतो. फोनचा कॅमेराही तसाच प्रयत्न करतो. त्याला दिवा कोणता ते माहीत नसतं, म्हणून तो समोरच्या दृश्यावरून अंदाज बांधतो. सगळे रंग मिळून सरासरी राखाडी यायला हवी, किंवा सर्वांत उजळ भाग पांढरा असायला हवा, अशा ढोबळ नियमांवर तो सुरुवात करतो. दृश्यात पिवळं जास्त दिसलं की त्याला वाटतं, दिवा पिवळा आहे. मग तो सगळ्या फोटोतून पिवळा काढून टाकतो. पिवळ्या दुपट्यातलं पिवळं बाळ जवळून टिपलं तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो अख्खा पिवळेपणा म्हणजे दिव्याची चूक. तो ती प्रामाणिकपणे दुरुस्त करतो आणि बाळ गुलाबी होऊन बाहेर येतं.

एवढ्यावर भागत नाही. आजचे फोन चेहरा ओळखतात आणि चेहऱ्याचा रंग लोकांना आवडेल अशा दिशेला सरकवतात. ‘ब्यूटी’ चालू राहिलं असेल तर तो आणखी उजळ आणि गुळगुळीत होतो. मग फोटो व्हॉट्सॲपवरून जातो. तिथे फाइल लहान करताना उजेड-सावलीपेक्षा रंगाचा तपशील जास्त कापला जातो, कारण डोळ्याला ते सहसा जाणवत नाही. पण नवजात बाळाच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसून दिसून किती दिसणार, दोन-तीन मिलिमीटर. पूर्ण चेहऱ्याच्या फोटोत तो मूठभर ठिपक्यांचा असतो. पाहणाऱ्याच्या फोनवर रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळसर पडदा चालू असेल, तर शेवटचा घोटाळा तिथे होतो. बाळापासून डॉक्टरांच्या डोळ्यापर्यंत जाताना रंग इतक्या ठिकाणी बदलतो, आणि प्रत्येक ठिकाणी किती बदलला याची नोंद कुठेच नसते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. बाळ ३७ आठवड्यांचं, वजन २ किलो ७०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी घरी गेलं. चौथ्या दिवशी रात्री मामाने बल्बखाली पहिला फोटो काढला, त्यात बाळ चांगलंच पिवळं. आजी म्हणाली, बल्बचा उजेड आहे, ट्यूबखाली काढ. दुसरा फोटो ट्यूबखाली, जवळून, पिवळ्या दुपट्यासकट. त्यात बाळ गुलाबी. घर निश्चिंत झालं. सकाळी तिसरा फोटो काढला तो खिडकीशी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, बाळाच्या कपाळाशेजारी पांढरा सुती रुमाल ठेवून. सुदैवाने पहिल्या फोटोतही बाळाच्या मानेखाली पांढरं फडकं होतं.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ पर्यंत. समजण्यापुरते आकडे घेऊ. बल्बच्या फोटोत पांढरं फडकं २४०, २१०, १६० असं उतरलं आणि कपाळ २००, १५०, ८५. खिडकीच्या फोटोत रुमाल २३५, २३५, २३५ आणि कपाळ १९६, १६७, १२५. नुसते कपाळाचे आकडे पाहिले तर बल्बखालचं बाळ कितीतरी जास्त पिवळं आहे. पण प्रत्येक वेळी कपाळाला शेजारच्या पांढऱ्याने भागा. दोन्ही फोटोंत लाल ८३ टक्के, हिरवा ७१ टक्के आणि निळा ५३ टक्के येतो. कातडी एकच आहे, उजेड वेगळा होता. दुसऱ्या, गुलाबी फोटोत कपाळ २०५, १७२, १५६ आहे. त्यात निळा भरपूर दिसतो, पण शेजारी पांढरं काहीच नाही. कशाने भागणार? तो निळा बाळाचा की कॅमेऱ्याने घातलेला, हे कोणालाही सांगता येणार नाही. ज्या फोटोने घराला रात्रभर झोप दिली, तो तिघांतला सर्वांत निरुपयोगी फोटो होता.

हा हिशोब कागदावर जितका सुबक सुटतो तितका प्रत्यक्षात सुटत नाही, हेही सांगायला हवं. फोन उजळ आणि गडद भाग वेगवेगळ्या प्रमाणात ताणतो, त्यामुळे सरळ भागाकार बरोबर येईलच असं नाही. बल्बच्या उजेडात निळ्याचा आकडा मुळातच दुबळा आणि दाणेदार असतो, तो पाच-दहाने इकडेतिकडे होणं सहज शक्य आहे. आणि समजा ५३ टक्के अचूक मिळाला, तरी त्यावरून बिलिरुबिन ८ आहे की १८, हे ठरत नाही. निळा गिळणारं बिलिरुबिन एकटं नसतं. कातडीतलं रंगद्रव्य, म्हणजे सावळेपणा, तोही निळा गिळतो. रक्तातली लालीही गिळते, आणि नवजात बाळ तर लालबुंद असतं. गोऱ्या बाळाचे ५३ आणि सावळ्या बाळाचे ५३ यांचा अर्थ वेगळा.

या बाळाचं रक्त सकाळी तपासलं तेव्हा बिलिरुबिन १८ मिलिग्रॅम निघालं. आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नसल्याने तांबड्या पेशी जास्त वेगाने फुटत होत्या. नुसता १८ हा आकडा कोणालाच काही सांगत नाही. चाळीस आठवड्यांच्या, धडधाकट, पाच दिवसांच्या बाळात डॉक्टर कदाचित थांबून पुन्हा तपासतील. पण ३७ आठवड्यांच्या, पेशी फुटत असलेल्या, चार दिवसांच्या बाळात तो उपचाराच्या रेषेवर जातो. बाळ किती तासांचं, किती आठवड्यांचं आणि धोक्याचं आणखी काही कारण आहे का, हे तक्त्यात पाहून ती रेषा ठरते. उजेड कितीही चांगला असला तरी ही तिन्ही उत्तरं कातडीवर लिहिलेली नसतात.

डॉक्टरांचा डोळा तरी यातून सुटलेला आहे का? नाही. १९६९ साली क्रेमर यांनी मांडलं की कावीळ चेहऱ्यापासून सुरू होऊन छाती, पोट, पाय आणि शेवटी तळहात-तळपाय अशी खाली उतरते, आणि ती कुठवर आली त्यावरून पातळीचा अंदाज बांधता येतो. कित्येक वर्षं आम्ही हे शिकलो आणि शिकवलं. दिशा साधारण खरी आहे. पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की एकाच बाळाबद्दल दोन अनुभवी माणसांचे अंदाज जुळत नाहीत, आणि अंदाज रक्ताच्या आकड्याशीही पुरेसे जुळत नाहीत. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात की नुसतं पाहून बिलिरुबिनची पातळी ठरवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारलेल्या सूचनांत, बाळ पिवळं दिसो वा न दिसो, जन्मानंतर २४ ते ४८ तासांच्या दरम्यान, किंवा त्याआधी घरी सोडायचं असेल तर सोडण्यापूर्वी, मोजमाप करावं असं सांगितलं आहे. हे मोजमाप कपाळावर किंवा छातीवर टेकवायच्या लहान यंत्राने होतं. आकडा उपचाराच्या रेषेजवळ गेला की रक्त घेऊन खात्री करतात. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ते यंत्र नाही. पण टाचेतून थोडं रक्त काढणं जवळजवळ सगळीकडे शक्य आहे.

बाळाचा रंग आणि उजेड यांच्या नात्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५६ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना मोकळ्या हवेत, उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं सगळं अंग फिकट होतं आणि एक त्रिकोणी तुकडा मात्र पिवळाजर्द. त्या तुकड्यावर चादरीचा कोपरा आला होता. उघड्या कातडीचा पिवळेपणा उन्हाने उतरला होता, झाकलेला तसाच राहिला होता. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही कमी भरलं, आणि १९५८ साली क्रेमर नव्हे तर क्रिमर या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह लॅन्सेटमध्ये प्रकाशोपचाराचा पहिला लेख लिहिला. निळ्या उजेडाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृताची वाट न पाहता तो बाहेर पडू शकतो.

यातून घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. निळ्या लाइटखाली राहून आलेल्या बाळाचा रंग काही दिवस अजिबात विश्वासाचा नसतो. कातडी गोरी झालेली असते, आत बिलिरुबिन पुन्हा चढत असू शकतं. लंगोटाखालची आणि डोळ्यांवरच्या पट्टीखालची जागाच तेवढी पिवळी उरते. अशा बाळाचा फोटो पाहून ‘छान उतरली की कावीळ’ म्हणणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी फेरतपासणीची तारीख दिली असेल तर ती पाळायचीच. आणि याच गोष्टीच्या आधाराने कोणी म्हणेल, मग आम्ही कोवळ्या उन्हात ठेवतोच की. खिडकीतलं ऊन किती मिळालं याचं माप नसतं, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि उन्हाने कातडीचा रंग उतरल्यामुळे वाढती कावीळ झाकली जाते. जे बाळ तपासायला न्यायला हवं होतं, ते दोन दिवस अंगणात राहतं. ग्लुकोजचं पाणी पाजण्यानेही बिलिरुबिन उतरत नाही, उलट बाळ दूध कमी पितं.

कॅमेऱ्याने कावीळ मोजताच येणार नाही का? येईल, पण साध्या फोटोने नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘बिलिकॅम’ तयार केलं, त्यात बाळाच्या छातीवर रंगांच्या ओळखीच्या चौकोनांचं कार्ड ठेवून फोटो घेतात. आपण वर रुमालाने केलं तेच, फक्त अनेक रंगांनी आणि काटेकोरपणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने घानातल्या सहकाऱ्यांबरोबर तपासलेलं ‘निओएससीबी’ डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे दोन फोटो घेतं, एक फ्लॅश लावून, एक न लावता. दोन्हींची वजाबाकी केली की खोलीतला दिवा हिशोबातून निघून जातो, उरतो तो फ्लॅशचा माहीत असलेला उजेड. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सावळेपणाचं रंगद्रव्य नसतं, म्हणून काळ्या-सावळ्या बाळांसाठी ही जागा जास्त खरी. घानात तीनशेहून अधिक बाळांवर ते तपासलं गेलं. ही साधनं रक्ततपासणी कोणाची करायची हे निवडण्यासाठी आहेत, ती टाळण्यासाठी नाहीत. आणि ॲपच्या दुकानात ‘जॉन्डिस’ शोधून जे हाती लागेल ते म्हणजे ही साधनं नव्हेत.

घरी काय करायचं ते आता सांगतो. सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि बाळाला खिडकीशी किंवा उघड्या दाराशी आणा. थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. दिवा चालू ठेवून खिडकीशी आणलं तर अर्धा चेहरा दिव्याचा, अर्धा खिडकीचा, असा गोंधळ होतो. टोपरं, रंगीत दुपटं बाजूला, अंगाखाली पांढरं कापड. कपाळावर, मग छातीच्या मधल्या हाडावर, मग गुडघ्याखाली बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. दाबल्याने रक्त बाजूला सरतं, लाली जाते आणि क्षणभर कातडीचा तळचा रंग दिसतो. तो पिवळा आहे का ते पाहा. डोळ्याचा पांढरा भाग बाळ दूध पिताना किंवा जागं असताना पाहा, मिटलेल्या पापण्या ओढू नका. हिरड्याही पाहा. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्यांनाही बाळ दाराच्या उजेडातच दाखवा. या पाहण्याने ‘पिवळं आहे’ हे कळतं, ‘किती’ ते कळत नाही. पिवळं आहे असं वाटलं की मोजून घ्या. पिवळं नाही असं वाटलं, तरी डॉक्टरांनी सांगितलेली भेट चुकवू नका.

रात्रीचं काय? रात्री रंग पाहूच नका, बाळ पाहा. दिवसरात्रीतून आठ ते बारा वेळा दूध घेणारं, चौथ्या-पाचव्या दिवशी सहाहून जास्त वेळा शू करणारं, मागून उठणारं बाळ असेल तर सकाळच्या उजेडापर्यंत थांबायला सहसा हरकत नसते. पण बाळ उठवूनही उठत नसेल, ओढून पीत नसेल, अंग सैल पडलं असेल किंवा पाठीची कमान करत असेल, रडणं चिरकं झालं असेल, ताप असेल, तर बल्बखाली ते कसंही दिसो, रात्रीच दवाखाना गाठा. आणि जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत दिसलेला पिवळेपणा कधीच साधा धरायचा नाही.

बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांच्या ट्रंकेत ठेवलेले असतील तर ते वापरू नका. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या वासानेही तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. कमतरता आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला तर पुन्हा रक्त तपासावं लागतं, आणि तेव्हा बाळाच्या शीकडे लक्ष द्या. ती पिवळी किंवा हिरवट असेल तर ठीक. खडूसारखी किंवा पिठासारखी फिकी असेल आणि लंगोटावर शूचा डाग गडद पिवळा पडत असेल, तर पित्ताचा रस्ता बंद असू शकतो. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते, म्हणून इथे आठवडा वाया घालवणं परवडत नाही. शीचा फोटो पाठवायचा असेल तर तोही खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कापडावरचा पाठवा, आणि लंगोट पिशवीत घालून सोबत घेऊन या.

फोटो पाठवू नका असं मी म्हणत नाही. खिडकीशी, दिवा बंद करून, शेजारी पांढरा रुमाल ठेवून, फ्लॅश आणि ब्यूटी बंद करून काढलेला फोटो पाठवा. त्याखाली बाळ किती तासांचं, किती आठवड्यांचं, जन्माचं आणि आजचं वजन, आईचा रक्तगट, गेल्या २४ तासांत किती वेळा दूध, शू आणि शी झाली, ते लिहा. त्या ओळी मला फोटोपेक्षा जास्त सांगतात. आणि फोटो पाहून मी किंवा कोणीही ‘काही नाही, ठीक दिसतंय’ असं म्हटलं, तरी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान बाळाला घेऊन या आणि बिलिरुबिन मोजून घ्या.